अ डावीकडे की उजवीकडे? परीक्षेच्या आदल्या रात्रीचं एक प्रकरण

जून २०२३ मधल्या पहिल्या शनिवारची ही रात्र. दुसऱ्या दिवशी राज्यसेवा पूर्वपरीक्षा होती आणि आमच्या घरातून दोघं बसणार होतो, मी आणि माझी आतेबहीण. मी तेव्हा २४ वर्षांचा, ताई २९ ची. केंद्र साताऱ्यात. ताई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आदल्या दिवशीच आमच्याकडे, म्हणजे तिच्या आजोळी, आली होती. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, त्यामुळे सकाळच्या एसटीने वेळेत पोहोचता येणार होतं.

संध्याकाळी वळीव आला. अर्धा तास पाऊस झोडपत राहिला आणि डीपीवर मोठा आवाज होऊन सगळं गाव अंधारात गेलं. वायरमन सकाळशिवाय येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांच्या मोबाइलची बॅटरी गजरासाठी राखून ठेवायची होती. शेवटी आजीने माळ्यावरचा कंदील काढायला लावला, त्याची काच वर्तमानपत्राने घासूनपुसून दिली आणि बाटलीच्या तळाशी उरलेलं दोन बोटं रॉकेल त्यात ओतलं. "वात मोठी करू नका, काच काजळेल," एवढं सांगून ती पणतीला गोष्ट सांगत आत झोपायला गेली.

या कंदिलाला या प्रकरणात महत्त्व आहे, म्हणून आधी अडचण कुठे होती ते सांगतो.

पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, २०२२ पासून पात्रतेपुरता झाला. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. त्यात ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे, पण ते मिळाले नाहीत तर पहिला पेपर कितीही चांगला गेलेला असो, उपयोग नाही. ताईचा पहिला पेपर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. राज्यघटना आणि भूगोल तिला तोंडपाठ असल्यासारखे होते. भीती होती ती दुसऱ्या पेपरची. त्याच आठवड्यात सोडवलेला शेवटचा सराव पेपर तिने बरोबर आणला होता. त्यात तिने ५८ प्रश्न सोडवले होते, ३१ बरोबर आणि २७ चूक. एका बरोबर उत्तराला अडीच गुण, एका चुकीला त्याचा चौथा हिस्सा वजा, म्हणजे ०.६२५. बरोबरचे ७७.५, वजा १६.८७५, हाती ६०.६२५. पाच-साडेपाच गुणांनी गेलेला पेपर.

चुकलेल्या २७ पैकी ११ बुद्धिमत्तेचे होते. बैठकव्यवस्था, क्रम, नातेसंबंध, विधान-निष्कर्ष. उरलेले बहुतेक उताऱ्यांवरचे, आणि उतारे एका रात्रीत सुधारत नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं की रात्री अकरापर्यंत फक्त बुद्धिमत्तेचे प्रश्न करायचे. साठेक तरी होतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात सात झाले.

कंदील एक आणि त्याचा उजेड एका पुस्तकापुरता. दोघं शेजारी बसलो तर एकाची सावली दुसऱ्याच्या वहीवर पडत होती. ताईने मग कंदील आपल्या डाव्या हाताला ठेवला, पुस्तक स्वतःजवळ घेतलं आणि म्हणाली, "मी वाचते, तू काढ." वही माझ्याकडे, पुस्तक तिच्याकडे. प्रश्न मला दिसत नव्हता, आकृती तिला दिसत नव्हती.

पहिलाच प्रश्न बैठकव्यवस्थेचा होता. अ, ब, क, ड, इ असे पाच जण उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. पहिलं वाक्य, क मधोमध आहे. दुसरं, अ हा ब च्या शेजारी आहे. तिसरं, ड हा क च्या लगेच उजवीकडे आहे. तर रांगेच्या डाव्या टोकाला कोण? पर्याय होते अ, ब, इ आणि सांगता येत नाही.

ताईने वाक्यं वाचली. उत्तरेकडे तोंड असल्यामुळे बसलेल्यांचा उजवा हात आणि कागदाची उजवी बाजू एकच, म्हणून मी पाच रेघा ओढल्या, मधल्या रेघेवर क लिहिला, त्याच्या उजवीकडे ड. अ आणि ब शेजारी बसायचे तर डावीकडच्या दोन जागाच सलग उरत होत्या. तिथे माझा हात थांबला.

"अ डावीकडे की उजवीकडे?" मी विचारलं.

"डावीकडे."

"कुठल्या वाक्यात आहे?"

तिने पुन्हा वाचलं. मग परत एकदा, ओठ हलवत. "अ हा ब च्या शेजारी," ती सावकाश म्हणाली. "अरे, नाहीये. मी अ आधी वाचला म्हणून आधी बसवला."

एकटी सोडवत असती तर तिने अ, ब, क, ड, इ असं सरळ लिहिलं असतं, डाव्या टोकाला अ, आणि पर्याय क्रमांक एक. तो पर्याय तिथे छापलेला होताच. खरं उत्तर चौथं. वाचणारी आणि काढणारा वेगळे झाल्यामुळेच तो क्षण पकडता आला. एकाच डोक्यात वाचणं आणि काढणं चालतं तेव्हा वाक्यातला शब्दांचा क्रम गुपचूप जागांचा क्रम होऊन बसतो आणि आपल्याला कळतही नाही.

मी वहीत क च्या खाली १ लिहिलं, ड च्या खाली ३. इ कुठल्याच वाक्यात नव्हता, पण पहिली तिन्ही वाक्यं मान्य केली की उजव्या टोकाची एकच जागा त्याला उरते, म्हणून त्याच्याखाली १, २, ३ असं लिहिलं. अ आणि ब या जोडीखाली २ आलं, पण जोडीच्या आतल्या क्रमाखाली लिहायला काहीच नव्हतं. ताईने वही ओढून घेतली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग उठली, पिशवीतून तो सराव पेपर काढला आणि त्यातली कच्च्या कामाची पानं उजेडात धरली.

पुढचा पाऊण तास आम्ही एकही नवा प्रश्न घेतला नाही. चुकलेल्या अकरा प्रश्नांच्या तिने काढलेल्या आकृत्या घेतल्या आणि त्यांतल्या प्रत्येक अक्षराखाली वाक्याचा क्रमांक लिहायचा प्रयत्न केला. दोन प्रश्नांत साधी आकडेमोडीची चूक निघाली. उरलेल्या नऊही प्रश्नांत एक तरी अक्षर असं होतं की ज्याच्याखाली लिहायला वाक्यच नव्हतं. त्याला आम्ही बिननंबरी अक्षर म्हणू लागलो.

नवातले तीन प्रश्न पहिल्यासारखेच होते, उत्तर "सांगता येत नाही". बाकीच्या सहांत झालं होतं ते जास्त काळजीचं. तिथे पुढे एक वाक्य येत होतं आणि तेच त्या अक्षराची खरी जागा ठरवत होतं. पण तोवर ताईने ते अक्षर स्वतःच्या मनाने पक्कं करून टाकलेलं. नवं वाक्य आकृतीत बसेना, तेव्हा तिने आकृती खोडली नव्हती, वाक्यच पुन्हापुन्हा वाचून आकृतीत बसेल असं करून घेतलं होतं. एका ठिकाणी "लगेच डावीकडे" मधला "लगेच" तिने सोडूनच दिला होता. पानावर त्याची खूणही होती. त्या वाक्याखाली दोनदा रेघ मारलेली, म्हणजे ते दोनदा वाचलं होतं, आणि आकृतीत मात्र एकही खाडाखोड नाही. अशी जोडी दिसली की चूक कुठे आहे ते उत्तर न बघताही सांगता येतं.

मग ताईने हिशेब मांडला. हे नऊ प्रश्न नुसते कोरे सोडले असते तर नऊ गुणिले ०.६२५, म्हणजे ५.६२५ गुण वाचले असते. ६०.६२५ चे ६६.२५ झाले असते. पास. एकही नवी गोष्ट न शिकता. तो आकडा लिहून ती बराच वेळ गप्प बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. दोन वर्षं ती या पेपरासाठी गणिताच्या युक्त्या पाठ करत होती.

मला मात्र एक शंका होती आणि ती तेव्हाच काढली ते बरं झालं. वजाबाकी चौथ्या हिश्श्याची आणि पर्याय चार, तर डोळे मिटून ठोकलेलं उत्तर सरासरीने तोट्यात जात नाही. सोळा प्रश्न असे ठोकले तर अंदाजे चार बरोबर येतात, म्हणजे दहा गुण, आणि बारा चुकीचे साडेसात वजा होतात. अडीच गुण उलट पदरात पडतात. मग ताईचे नऊच्या नऊ कसे गेले? नशीब म्हणावं तर नवात दोन तरी लागायला हवे होते.

उत्तर पर्यायांत होतं. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की घाईत माणूस अ आधी बसवणार. त्या चुकीच्या आकृतीतून जे उत्तर निघतं ते तो मुद्दाम पर्यायांत ठेवतो. त्यामुळे बिननंबरी अक्षरावरून काढलेलं उत्तर हा अंदाज राहत नाही. ती पेपर काढणाऱ्याने आखलेली वाट असते, म्हणून ते डोळे मिटून ठोकण्यापेक्षाही वाईट पडतं. वरून ते आपल्याला पक्कं वाटतं. आपण आकृती काढलेली असते, उत्तर पर्यायात सापडलेलं असतं, शंका घ्यायला जागाच दिसत नाही. ताईने सराव पेपरात खात्री असलेल्या उत्तरांना टिकमार्क केली होती. नवांपैकी सातांवर टिकमार्क होती.

इथे एक गोष्ट आम्ही जवळजवळ चुकीची ठरवणार होतो. बिननंबरी अक्षर दिसलं की प्रश्न सोडून द्यायचा, असा नियम मी वहीत लिहिलाही. ताईने मग तिचे बरोबर आलेले प्रश्नही तपासायचा आग्रह धरला. त्यांतल्या दोन प्रश्नांत बिननंबरी अक्षर होतंच, तरी उत्तर बरोबर. कारण प्रश्न त्या अक्षराला शिवतच नव्हता. आमच्या पहिल्या आकृतीवर कोणी विचारलं की इ च्या लगेच डावीकडे कोण, तर उत्तर ड, आणि अ-ब कसेही बसले तरी ते बदलत नाही. तेव्हा नियम असा झाला. आधी विचारलेल्या अक्षरापासून उत्तरापर्यंत जा. वाटेत बिननंबरी अक्षर आलं नाही तर गोल काळा कर. आलं तर शेजारी दुसरी आकृती काढ, अक्षरं अदलाबदल करून. दोन्ही आकृत्या सगळ्या वाक्यांत बसल्या आणि "सांगता येत नाही" हा पर्याय असला तर तोच. एक आकृती मोडली तर दुसरी खरी. मिनिटभरात यातलं काहीच झालं नाही तर प्रश्न कोरा.

साडेनऊ वाजून गेले होते. काच एका बाजूने काजळू लागली होती. मी वात थोडी खाली केली.

माझी चूक ताईच्या चुकीपेक्षा वेगळी निघाली. मी आकृतीच काढत नाही, वाचल्यावाचल्या उत्तर "दिसतं". विधान-निष्कर्षाचा प्रश्न ताईने समोरच्या वस्तूवरूनच तयार केला. सर्व कंदील दिवे आहेत. काही दिवे पितळी आहेत. निष्कर्ष एक, काही कंदील पितळी आहेत. निष्कर्ष दोन, काही दिवे कंदील आहेत. मी लगेच म्हणालो, दोन्ही बरोबर. पितळी कंदील असतात, मी पाहिलेत.

"तू पाहिलेत ते कितव्या वाक्यात आहे?" ताईने विचारलं.

मग वर्तुळं काढली. दिव्यांचं मोठं वर्तुळ, त्याच्या आत पूर्ण कंदिलाचं. पितळी वस्तूंचं वर्तुळ दिव्यांच्या वर्तुळात थोडं शिरलं पाहिजे, एवढीच दुसऱ्या वाक्याची मागणी. ते कंदिलाला न शिवता एका कडेने आत शिरवलं. दोन्ही वाक्यं शाबूत राहिली. म्हणजे पहिला निष्कर्ष खोटा आहे असं नाही, पण तो या वाक्यांतून निघतच नाही. फक्त दुसरा निघतो. निष्कर्ष पाडून बघायचा प्रयत्न करायचा, आणि एकही वाक्य न मोडता तो पडला तर त्याला सोडायचं. मला हे वर्गात शिकवलेलं होतं. तरी माझ्या तोंडून पितळी कंदील आलाच.

खरी पंचाईत झाली नातेसंबंधात, आणि तिथे आमचा नियमच अडकला. प्रश्न असा होता. अ हा ब चा मामा आहे. क ही ब ची आई आहे. ड ही अ ची आई आहे. तर ड ही क ची कोण? मी सांगितलं, आई. ताई म्हणाली, सांगता येत नाही.

"मामा म्हणजे आईचा भाऊ," मी म्हणालो.

"तू माझ्या मुलीचा कोण?"

मी तिचा मामाच. हाक मारते ती मामा म्हणूनच. मला अ धरा, ताईच्या मुलीला ब, ताई झाली क. माझी आई ड. आणि माझी आई ताईची आई नाही, मामी आहे. आमच्याच घरात प्रश्नाची तिन्ही वाक्यं खरी आणि उत्तर चुकीचं. मी वहीत अ आणि क ला जोडणारी भावंडांची रेघ मारली होती, पण ते सख्खे आहेत हे कुठल्या वाक्यात होतं? आमच्या नियमाप्रमाणे ती रेघ बिननंबरीच.

यावर आम्ही बराच वेळ वाद घातला आणि मला वाटतं तो त्या रात्रीचा सगळ्यात उपयोगी वाद होता. परीक्षेत नात्याचा शब्द आला की त्याचं सगळ्यात जवळचं, सख्खं नातं धरतात. चुलत-मावस-मामे असेल तर तसा शब्द लिहिलेला असतो. ही प्रश्नाबाहेरची रूढी आहे, कुठल्याही वाक्यात ती नसते, आणि ती पाळली नाही तर नात्याचा एकही प्रश्न सुटणार नाही. म्हणून अशा रेघेखाली "रू" लिहायचं ठरलं. अ आणि क सख्खे, म्हणून ड ही क ची आई.

त्याच वेळी मराठी शब्द आपल्याला काय देतो तेही लक्षात आलं. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापलेली असते. इंग्रजीत नुसतं "अंकल" असेल तर तो आईकडचा की वडिलांकडचा हे शोधत बसावं लागतं. मराठीत मामा म्हटलं की आईची बाजू, काका म्हटलं की वडिलांची, आत्या म्हटलं की वडिलांची बहीण. एका शब्दात एक वाक्य दडलेलं असतं, आणि तो शब्द वाचला की त्या रेघेला क्रमांक मिळतो. ताई तोवर सवयीने इंग्रजी मजकूर आधी वाचत असे. नात्यांच्या प्रश्नापुरती ती सवय तिने तिथेच बदलली.

या पद्धतीची किंमतही मोजली. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. क्रमांक लिहीत सोडवलेल्या पहिल्या प्रश्नाला आम्हाला भिंतीवरच्या घड्याळाने चार मिनिटं लागली, सातव्याला अडीच. अडीच मिनिटंही जास्तच. सगळ्या पेपराला हे करणं शक्य नव्हतं. म्हणून ताईने ठरवलं की बैठक, क्रम आणि नाती यांनाच क्रमांक लिहायचे, उताऱ्यांना आणि आकडेमोडीला हात लावायचा नाही, आणि प्रश्न कमी सोडवायचे. अकराला दहा मिनिटं कमी असताना रॉकेल संपत आलं, ज्योत निळी पडून फडफडू लागली, आणि आम्ही वही मिटली.

रविवारी दुपारच्या पेपरात ताईने ५८ ऐवजी ४९ प्रश्न सोडवले. पुढे आयोगाची उत्तरतालिका आली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिचे गुण मोजले. ३३ बरोबर, १६ चूक. ८२.५ वजा १०, म्हणजे ७२.५. बरोबर आलेल्यांत सराव पेपरापेक्षा फक्त दोनची भर होती. बाकीचा फरक चुका कमी झाल्याचा. मुख्य परीक्षेची यादी पहिल्या पेपराच्या गुणांवर लागते, आणि तिथे त्या वर्षी ती थोडक्यात राहिली. माझा दुसरा पेपर निघाला, पहिला बराच मागे होता.

परीक्षा झाल्यावर प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. ताईची ती पुस्तिका आजही माझ्याकडे आहे, तिच्याकडून मागून घेतलेली. कच्च्या कामाच्या पानावर एका प्रश्नासाठी शेजारीशेजारी दोन आकृत्या आहेत. अक्षरांखाली बारीक आकडे, एका रेघेखाली "रू", आणि दोन्ही आकृत्यांत एका अक्षराखालची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेभोवती तिने पेनने गोल केलाय. उत्तरपत्रिकेत त्या प्रश्नाचे चारही गोल तिने कोरे ठेवले होते.